पट्टा, मूठ आणि बाकडं: पोटॅशियम, प्रोटीन, कॅल्शियमचं रक्त काढताना क्रम कुठे चुकतो

मे महिन्यातली गोष्ट. तालुक्याच्या गावातली आमची लॅब, सकाळी आठलाच बाहेर रांग. बासष्ट वर्षांच्या एक मावशी, मधुमेह आणि बीपीच्या, टेल्मिसार्टन चालू. दुपारी बाराला त्यांचा रिपोर्ट मशीनमधून निघाला: पोटॅशियम ६.१, एकूण प्रोटीन ८.४, अल्ब्युमिन ५.०, कॅल्शियम १०.६. क्रिएटिनिन मात्र ०.९ आणि सोडियम १३९. डॉक्टरांचा लगेच फोन आला, "हिला लातूरला पाठवायचं का?"

मावशी अजून बसस्टँडवर एसटीची वाट बघत होत्या म्हणून बरं झालं. डॉक्टरांनी त्यांना बोलावून आधी ईसीजी काढला. तो व्यवस्थित होता. मग आम्ही त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि वीस मिनिटांनी दुसऱ्या हातातून, मूठ न आवळता, पुन्हा रक्त घेतलं. पोटॅशियम ४.६, प्रोटीन ७.४, अल्ब्युमिन ४.४, कॅल्शियम १०.०. क्रिएटिनिन तेच ०.९, सोडियम १३८.

सकाळचं रक्त मीच काढलं होतं. मशीन बरोबर होतं, रसायनं बरोबर होती, सीरमही लालसर नव्हतं. चुकलं होतं ते सुई टोचायच्या आधीच्या तीन-चार मिनिटांत. ती तीन-चार मिनिटं कशी असावीत हे खाली सांगतो. हीच चूक मी आजही बहुतेक कलेक्शन सेंटरांवर आणि शिबिरांत पाहतो.

## आधी एवढं समजून घ्या: तीन कारणं, तीन वेगळे परिणाम

"पट्टा जास्त वेळ बांधला की सगळं वाढतं" असं आपल्यात सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्धवटपणामुळेच रिपोर्ट ओळखता येत नाही.

पट्टा. पट्ट्याने शिरेतलं रक्त अडतं, पण धमनीतून येणारं चालू राहतं. खालच्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी भिंतीतून बाहेर झिरपतं. पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज, क्रिएटिनिन असे लहान कण त्याच प्रमाणात बाहेर जातात, म्हणून त्यांचा आकडा जवळपास जागेवर राहतो. प्रोटीन आकाराने मोठं, ते आतच अडकतं. पाणी कमी, प्रोटीन तेवढंच, म्हणजे आकडा वर. कॅल्शियमचा साधारण ४० ते ४५ टक्के भाग अल्ब्युमिनला चिकटलेला असतो, तो अल्ब्युमिनसोबत वर चढतो आणि उरलेला मोकळा भाग तिथेच राहतो. म्हणून प्रोटीन जेवढ्या टक्क्यांनी वाढतं त्याच्या निम्म्याहून थोडं कमी कॅल्शियम वाढतं. एका मिनिटात फारसा फरक पडत नाही. तीन मिनिटांत एकूण प्रोटीन पाच टक्क्यांच्या आसपास वर गेलेलं असतं.

मूठ. हे खातं पूर्ण वेगळं. स्नायू आकुंचन पावला की त्याच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं. चालता-फिरता ते वाहून जातं आणि सगळ्या शरीरात पातळ होतं. पट्टा बांधलेला असेल तर ते त्याच हातात, तुमची सुई लागणार आहे त्याच शिरेत साचतं. पट्टा बांधून मूठ जोराने आवळ-सोड केली तर पोटॅशियम एक ते दीडने, कधी त्याहूनही जास्त वाढू शकतं. हात सैल ठेवून नुसता पट्टा बांधला तर पोटॅशियमवर परिणाम किरकोळ असतो. थोडक्यात, पोटॅशियम बिघडवणारी मूठ आहे, पट्टा तिला साथ देतो.

उभं राहणं. उठून उभं राहिलं की गुरुत्वाने पायांच्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पट्ट्यासारखंच पाणी झिरपतं, फक्त इथे सगळ्या शरीरातलं. झोपलेला माणूस उभा राहिला की दहा-पंधरा मिनिटांत प्लाझ्मा साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो. प्रोटीन, अल्ब्युमिन आणि त्यांना चिकटलेलं सगळं त्या मानाने वर. मावशी त्या दिवशी रांगेत पाऊण तास उभ्या होत्या.

## टप्पा १: बसवा, आणि खरंच बसू द्या

रक्त काढण्याआधी रुग्ण १५ मिनिटं शांत बसलेला हवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, पायावर पाय नाही. खुर्चीत येऊन बसला आणि लगेच हात पुढे केला तर ते उभ्या माणसाचंच रक्त आहे, खुर्ची फक्त दिसायला.

आपल्याकडे ही पायरी दोन कारणांनी बुडते. पहिलं, रांग उभी असते. सेंटरमध्ये जागा नाही म्हणून लोक बाहेर ओट्यावर, लिंबाच्या सावलीत उभे असतात, आणि नंबर आला की थेट टेबलाशी. यावर आम्ही काढलेला उपाय साधा आहे. नोंद झाली की चिठ्ठीवर वेळ लिहायची आणि रुग्णाला आतल्या बाकड्यावर पाठवायचं. बाकड्यावर चार माणसं मावतात, प्रत्येकाला साडेचार-पाच मिनिटं लागतात. चौथ्याचा नंबर येईपर्यंत त्याची पंधरा मिनिटं आपोआप भरतात. वेगळी व्यवस्था काही लागली नाही, फक्त रांग उभीची बसती केली.

दुसरं कारण उपाशीपोटीचा गैरसमज. "काही खायचं-प्यायचं नाही" एवढंच सांगितलं की लोक निर्जळी करून येतात. मे महिन्यात रात्री नऊपासून पाण्याचा थेंब नाही, वाडीवरून सडकेपर्यंत चालत, मग एसटीत उभं राहून, असा माणूस खरोखरच सुकलेला असतो. त्याचं प्रोटीन आणि अल्ब्युमिन कुणाच्या चुकीविना वर असतं. सांगताना स्पष्ट शब्दांत सांगा: "चहा नको, दूध नको, साधं पाणी मात्र प्यायचं."

> तपासणी: पट्टा हातात घेण्याआधी विचारा, "मावशी, बसून किती वेळ झाला? येताना चालत आलात का?" जड काम करून किंवा भरभर चालून आलेल्याचं पोटॅशियमही काही वेळ थोडं वर असू शकतं. अशा माणसाला १५ मिनिटं बसवणं दुहेरी कामाचं आहे.

भरती रुग्णाचं रक्त पडल्या जागी काढतात. त्यात चूक नाही. मात्र ओपीडीत बसून प्रोटीन ७.५ आलं आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात झोपून ६.९ आलं तर "एका रात्रीत प्रोटीन घसरलं" असा अर्थ काढू नका. नमुन्याच्या चिठ्ठीवर "झोपून" किंवा "बसून" एवढा एक शब्द लिहिला तरी वाचणाऱ्या डॉक्टरचा घोळ वाचतो. एकाच माणसाची पुन्हा-पुन्हा तपासणी होणार असेल तर दर वेळी तीच स्थिती ठेवा.

## टप्पा २: पट्ट्याला हात लावण्याआधी सगळं मांडा

माझी त्या दिवशीची खरी चूक इथे होती. मी आधी पट्टा बांधला. मग सिरींजचं पाकीट फाडलं, सुई घट्ट केली, नळीवर नाव लिहायला पेन शोधलं, स्पिरिटचा बोळा घेतला. पुढे कधीतरी नेहमीच्या सवयीने काम करत असताना सहकाऱ्याला मोबाइलवर वेळ मोजायला लावली. पट्टा बांधल्यापासून रक्त नळीत येईपर्यंत २ मिनिटं ४० सेकंद! माझा स्वतःचा अंदाज चाळीस सेकंदांचा होता.

म्हणून नियम असा: टेबलावर सगळं तयार असल्याशिवाय पट्टा बांधायचा नाही.

1. रुग्णाला त्याचं नाव विचारा आणि चिठ्ठीशी जुळवा.
2. लागणाऱ्या नळ्या घेण्याच्या क्रमाने स्टँडमध्ये लावा. नाव रक्त घेतल्यावर रुग्णासमोरच घालायचं, पण चिकटपट्टी आणि पेन आत्ताच हाताशी ठेवा.
3. सुई किंवा सिरींजचं पाकीट उघडून ठेवा, टोपण मात्र तसंच राहू द्या.
4. कोरडा कापूस आणि चिकटपट्टी डाव्या हाताच्या आवाक्यात ठेवा.
5. हातमोजे घाला.

> इशारा: सलाईन चालू असलेल्या हाताकडे वळूच नका. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हाताला पट्टाही बांधायचा नाही.

## टप्पा ३: शीर शोधा, आणि पट्टा सोडा

हे वाक्य नवीन मुलांना पटत नाही. शीर सापडली, मग सोडायचा कशाला? कारण शोधण्यात गेलेला वेळ हिशोबात धरला जातच नाही. लोक मिनिट मोजतात ते टोचण्यापासून.

पट्टा कोपराच्या घडीपासून चार बोटं वर, साधारण साडेसात ते दहा सेंटिमीटरवर बांधा. घट्टपणा एवढाच की शीर फुगेल पण मनगटावरची नाडी बोटाला लागत राहील. नाडी गेली म्हणजे धमनीही दाबली, आणि तसा पट्टा बांधून काही मिळत नाही. बीपीचं कफ वापरत असाल तर ४० मिलिमीटरच्या वर फुगवू नका.

हात खाली उतरता ठेवा, कोपर सरळ. बोटाने चाचपा. डोळ्यांना दिसणाऱ्या निळ्या रेषेपेक्षा बोटाखाली दबून परत उसळणारी शीर भरवशाची. सापडली की तिची जागा लक्षात ठेवा, एखादा तीळ, सुरकुती, घडीपासूनचं अंतर अशी खूण धरा, आणि पट्टा मोकळा करा. या सगळ्याला एक मिनिटाच्या आत आवरायचं.

आता दोन मिनिटं थांबा. ही दोन मिनिटं वाया जात नाहीत. जागा स्पिरिटने पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची, त्याला निदान तीस सेकंद लागतात. ओल्या स्पिरिटातून सुई घातली की झोंबतं आणि पेशी फुटण्याचा धोकाही असतो. बाकीच्या वेळात औषधं विचारून घ्या. बीपीची कोणती गोळी, लघवी जास्त होण्याची गोळी आहे का, किडनीचा त्रास आहे का. पोटॅशियमचा आकडा वाचताना हीच माहिती लागते.

> सगळ्यात जास्त होणारी चूक: "मूठ आवळा, सोडा, आवळा, सोडा." हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय की न बोलताच रुग्ण सुरू करतो. म्हातारी माणसं तर पट्टा दिसला की पंप मारायला लागतात, कारण आजवर प्रत्येकाने त्यांना तेच सांगितलं. त्यामुळे आपण न सांगणं पुरत नाही, थांबवावं लागतं: "काका, हात सैल सोडा, बोटं उघडी ठेवा." एकदाच हलकेच मूठ मिटून धरली तर फार बिघडत नाही, पण पोटॅशियमच्या तपासणीला मी तेही करू देत नाही. मऊ चेंडू दाबायला देणं, मनगट हलवायला लावणं, कोपर उघड-मीट करणं, सगळं त्याच माळेतलं.

रुग्णाने पंप मारलाच तर काय? पट्टा सोडा, दुसरा हात घ्या. दुसरा हात घेण्यासारखा नसेल तर पट्टा सोडून किमान दोन मिनिटं हात सैल ठेवा आणि मगच पुन्हा बांधा.

## टप्पा ४: दुसऱ्यांदा पट्टा, सुई, आणि लगेच सुटका

या वेळी पट्टा बांधल्यावर शोधाशोध नाही. जागा ठरलेली, स्पिरिट वाळलेलं, सुई तयार. बांधा, टोपण काढा, टोचा. पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावायचं नाही.

रक्त नळीत किंवा सिरींजमध्ये येताना दिसलं की त्याच क्षणी पट्टा सोडा. शेवटची नळी भरल्यावर सोडायचा, ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे आणि ती चुकीची आहे. चार नळ्या भरायच्या असतील तर चौथीपर्यंत पट्टा दीड-दोन मिनिटांवर जातो, आणि त्या चौथ्या नळीतलं रक्त पहिलीपेक्षा दाट असतं. एकाच सुईतून आलेल्या दोन नळ्यांचं प्रोटीन जुळत नाही, ते कधीकधी यामुळे.

"पट्टा सोडला की शीर बसते" ही तक्रार मी रोज ऐकतो. तरुण माणसाची चांगली शीर बसत नाही, आपल्याला तसं करायची सवय नाही एवढंच. म्हाताऱ्या, बारीक शिरेत मात्र ती खरी असते. तिथे सिरींजचा दट्ट्या हळू ओढा. जोराने ओढलं की शिरेची भिंत सुईच्या तोंडाला चिकटते आणि पेशीही फुटतात. एवढं करूनही शीर बसत असेल तर पट्टा किंचित सैल ठेवून घ्या, पण एकूण मिनिटाच्या आत आटपा.

मोकळं म्हणजे आयनाइज्ड कॅल्शियम मागितलं असेल तर आणखी कडक व्हा. मूठ आवळल्याने स्नायूत आम्ल तयार होतं, आम्लामुळे अल्ब्युमिनला चिकटलेलं कॅल्शियम सुटतं आणि मोकळा भाग वाढतो. या तपासणीला शक्यतो पट्ट्याविना, नाहीतर रक्त येताच पट्टा सोडून नमुना घ्या, आणि नळी हवाबंद ठेवा.

> तपासणी: आठवड्यातून एकदा एकमेकांची वेळ मोजा. दुसऱ्या खेपेचा पट्टा बांधल्यापासून सुटेपर्यंत ३० सेकंदांच्या आसपास यायला हवा. ६० ओलांडले की तपासण्यासारखी गोष्ट बहुधा टप्पा २ मध्ये सापडते, टप्पा ४ मध्ये नाही.

## टप्पा ५: नळ्या

इथे थोडक्यात, कारण विषय पट्ट्याचा आहे. कल्चर आणि निळ्या टोपणाची नळी नसेल तर प्लेन नळी आधी, जांभळी इडीटीएची नंतर, करड्या टोपणाची साखरेची शेवटी. जांभळ्या नळीतलं थोडंसं रक्त प्लेन नळीत ओतून ती "पुरी करणं" हा गुन्हा समजा. त्या इडीटीएमध्ये पोटॅशियम असतं आणि तो कॅल्शियमला धरून ठेवतो. रिपोर्टमध्ये पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम भलतंच खाली येतं.

सिरींजमधून नळीत रक्त दाबून सोडू नका. रक्त गोठलं की सीरम लवकर वेगळं करा. दुसऱ्या गावी पाठवायचं असेल तर वेगळं केलेलं सीरम पाठवा, आणि वेगळं न केलेली नळी फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत पेशींचा पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर गळतं.

## टप्पा ६: रिपोर्ट बाहेर जाण्याआधी आकडे एकमेकांशी बोलवा

एकटा आकडा बघितला तर काही कळत नाही. मावशींचे दोन्ही नमुने शेजारी ठेवून बघा.

प्रोटीन ७.४ चं ८.४ झालं, म्हणजे साडेतेरा टक्के वाढ. अल्ब्युमिन ४.४ चं ५.०, तीही साडेतेरा टक्केच. एकूण प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा केलं की ग्लोब्युलिन राहतं: सकाळी ३.४, दुपारी ३.०. म्हणजे अल्ब्युमिन-ग्लोब्युलिनचं गुणोत्तर दोन्ही वेळी १.४७ च. सगळं एकाच प्रमाणात वाढलं याचा अर्थ नवं प्रोटीन आलेलं नाही, पाणी गेलंय. खऱ्या आजारात, समजा मायलोमात, ग्लोब्युलिन एकटं फुगतं आणि गुणोत्तर खाली येतं. ते दिसलं तर पट्ट्यावर ढकलू नका.

आता कॅल्शियम. १०.० चं १०.६, म्हणजे सहा टक्के, प्रोटीनच्या निम्म्याहून थोडं कमी, वर सांगितलं तसंच. अल्ब्युमिनची दुरुस्ती लावून बघू:

```
दुरुस्त कॅल्शियम = मोजलेलं + ०.८ × (४.० − अल्ब्युमिन)

सकाळी:  १०.६ + ०.८ × (४.० − ५.०) = ९.८
दुपारी: १०.० + ०.८ × (४.० − ४.४) = ९.७
```

दोन्ही एकाच ठिकाणी आले. म्हणजे कॅल्शियमचा आजार नव्हता, अल्ब्युमिनच्या पाठीवर बसून ते वर गेलं होतं. हे सूत्र ढोबळ आहे. किडनीच्या किंवा अत्यवस्थ रुग्णात त्यावर विसंबू नका, तिथे आयनाइज्ड कॅल्शियमच मोजावं.

क्रिएटिनिन दोन्ही वेळी ०.९ आणि सोडियम जवळपास तेच. लहान कण हलले नाहीत. पोटॅशियमही लहान कण आहे, तरी ते ४.६ चं ६.१ झालं. पाणी झिरपून हे होऊच शकत नाही. तिथे दुसरं काहीतरी घडलं, ते म्हणजे मूठ. एकाच नमुन्यात दोन स्वतंत्र चुका होत्या. उभं राहणं आणि लांबलेला पट्टा यांनी प्रोटीन-कॅल्शियम चढवलं, मुठीने पोटॅशियम.

वाढलेलं पोटॅशियम समोर आलं की मी या क्रमाने बघतो:

1. सीरम लालसर आहे का? असेल तर पेशी फुटल्यात, नमुना नव्याने. मुठीमुळे वाढलेल्या नमुन्यात सीरम स्वच्छ पिवळं असतं, म्हणून तो सहज निसटतो.
2. कॅल्शियम खूप खाली आहे का? इडीटीए मिसळल्याचा संशय.
3. नळी किती वेळ, कुठे पडून होती?
4. रक्त घेताना मूठ आवळली होती का? ज्याने घेतलं त्यालाच विचारायचं, आणि विचारताना ओरडायचं नाही. ओरडलात तर पुढच्या वेळी खरं उत्तर मिळणार नाही.

> मोठा इशारा: पोटॅशियम ६ च्या वर असेल तर "मुठीमुळे असेल" म्हणून रिपोर्ट अडवून ठेवू नका. आधी डॉक्टरांना फोन, ईसीजी, आणि ताबडतोब दुसरा नमुना. किडनीचा रुग्ण, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी गोळी, स्पायरोनोलॅक्टोन, यांत ६.१ खरंही असू शकतं. आणि ईसीजी साधा दिसला तरी खरं वाढलेलं पोटॅशियम नाकारता येत नाही. दुसरा नमुना घ्यावाच लागतो.

उलटा धोका कुणाच्या लक्षातच येत नाही. जुलाब-उलट्यांचा किंवा लघवीच्या गोळ्यांवरचा रुग्ण असतो, त्याचं खरं पोटॅशियम २.९. मूठ आवळून घेतलं तर मशीन ३.९ दाखवेल. आकडा नॉर्मल, म्हणून फोन नाही, पुन्हा तपासणी नाही. अशक्तपणा किंवा पायात गोळे येण्याची तक्रार असून पोटॅशियम "ठीक" दिसलं तर रक्त कसं घेतलं हे एकदा विचाराच.

## शीर सापडतच नसेल तेव्हा

जाड हात, सुकलेले रुग्ण, वारंवार टोचून कडक झालेल्या शिरा. इथेच जुनी सवय परत येते: पट्टा आणखी घट्ट, मूठ आणखी जोरात, वर दोन चापट्या. त्याऐवजी हे करून बघा.

हात दोन-तीन मिनिटं खाली लोंबता सोडायला सांगा. पाणी प्यायला द्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल कोपरावर तीन ते पाच मिनिटं ठेवा. तो आपल्या स्वतःच्या मनगटाला सोसवेल एवढाच गरम असावा, मधुमेही माणसाला चटका कळत नाही. मग पट्टा बांधून एक मिनिट शोधा. नाही सापडली तर सोडा, दोन मिनिटं थांबा, दुसरा हात. दोनदा टोचून जमलं नाही तर तिसऱ्यांदा दुसऱ्या माणसाने टोचावं.

एवढं करूनही कधीकधी पट्टा दोन मिनिटं राहतोच. मग ते लपवू नका. चिठ्ठीवर लिहा: "शीर अवघड, पट्टा २ मिनिटं, मूठ नाही." आमच्या रजिस्टरमध्ये आता त्यासाठी वेगळा रकाना आखलाय. मावशी दर तीन महिन्यांनी येतात. त्यांच्या ओळीत तिथे "बसून, सैल हात" एवढंच असतं. गेल्या खेपेला पोटॅशियम ४.५ होतं आणि रक्त काढणारा नवा मुलगा होता. त्याने "मूठ" म्हणायला तोंड उघडलं, तर मावशीच म्हणाल्या, "नाही रे बाबा, तसं केलं की मला लातूरला धाडतेत."